बक्षीसपत्र दिलंय, पण सही करू नका

"माझं वय 71. पुण्यातला माझ्या नावावरचा फ्लॅट 2019 ला मुलाला बक्षीसपत्राने दिला. दोन वर्षं झाली, औषधाचासुद्धा खर्च देत नाही. आता फ्लॅट विकायचाय म्हणतो आणि एका संमतीपत्रावर माझी सही मागतोय. बक्षीसपत्रात 'रद्द करता येणार नाही' असं लिहिलंय. आता काही होऊ शकतं का?"

काकू, तुम्ही पाठवलेली सगळी पानं वाचली, दोनदा वाचली. पहिलं सांगतो, ते संमतीपत्र सही करू नका, का ते खाली येईलच.

आधी तुम्ही काय दिलंय ते बघू. तिसऱ्या पानावर आहे की "माझा संपूर्ण मालकी हक्क कब्जा वहिवाटीसह, कोणताही मोबदला न घेता, प्रेम व आपुलकीपोटी बक्षीस दिला असे". दस्त रजिस्टर झालाय, दोन साक्षीदार आहेत, मुलाने स्वीकारल्याची सही आहे. म्हणजे मालकी त्या दिवशीच गेली. आज तुम्ही तो फ्लॅट विकू शकत नाही, मृत्युपत्रात लेकीला लिहूनही देऊ शकत नाही. नुसतं मन बदललं म्हणून बक्षीस परत घेता येत नाही आणि तुम्ही एकटीने सब-रजिस्ट्रारकडे जाऊन "रद्दपत्र" केलं तरी त्याने मालकी परत येत नाही. कोणी तसं करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

पण अट क्रमांक 5 वाचा. "लिहून देणार यांना सदर सदनिकेत हयातभर राहण्याचा हक्क राहील." हा राहण्याचा हक्क तुम्ही दिलेलाच नाहीये, तो तुमच्याकडेच ठेवलाय, आणि असा हक्क ठेवला म्हणून बक्षीस कच्चं होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलंय. मुलगा विकू शकतो, पण घेणाऱ्याला तुमच्यासकट घ्यावा लागेल, कारण अट रजिस्टर दस्तातच आहे, माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील कागद बघताना इथेच अडणार. संमतीपत्र त्यासाठीच हवंय, तुमच्या सहीने तो हक्क सुटतो.

आता अट क्रमांक 6, तुमची खरी ताकद इथे आहे. "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे अन्न, वस्त्र व औषधोपचाराची व्यवस्था करावयाची आहे, या अटीवर सदरचे बक्षीसपत्र केले आहे." यातले "या अटीवर" हे दोन शब्द बोट ठेवून वाचा. दिवाणी कोर्टात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 खाली गेलात तर अडचण येईल, कारण तिथे "अट मोडली तर बक्षीस रद्द होईल" असं दोघांत ठरलेलं लागतं आणि तुमच्या दस्तात ते वाक्य नाही. फसवून सही घेतली म्हणावं तर तसं झालेलं नाही, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत, ते खोटं लिहायचं नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 मात्र वेगळं आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालंय असं कायदाच धरतो आणि तुम्ही मागितलं तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. "रद्द करता येणार नाही" ही ओळ इथे आड येईल असं मला वाटत नाही, दस्तातल्या एका वाक्याने कायद्याने दिलेला हक्क जात नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अट होती हे सिद्ध व्हायलाच हवं, नुसतं "प्रेमापोटी" असेल तर पुरत नाही. तुमची अट लेखी आहे, म्हणून मी धीराने सांगतोय. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या केसमध्ये त्याच कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला, आणि न्यायाधिकरण ताबाही परत द्यायला सांगू शकतं हेही स्पष्ट केलं.

तेव्हा अर्ज प्रांत ऑफिसला, तिथल्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणाकडे करा. त्यात तीन गोष्टी मागा, बक्षीसपत्र रद्द, ताबा, आणि निकाल लागेपर्यंत विक्रीला मनाई. सांभाळलं नाही हे दाखवायला तुमचं पेन्शनचं पासबुक काढा, गेल्या दोन वर्षांत मेडिकलवाल्याला आणि हॉस्पिटलला तुमच्याच खात्यातून गेलेल्या रकमांवर पेन्सिलने खूण करा आणि ती बिलं तारखेप्रमाणे लावा, मुलाच्या खात्यातून एकही रुपया आला नसेल तर ते पासबुकच बोलेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना अट 5 ची झेरॉक्स जोडून पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि काकू, घर सोडून लेकीकडे राहायला जाऊ नका एवढ्यात, चार दिवस जाऊन आलात तर हरकत नाही, पण किल्ली तुमच्याकडेच ठेवा.