हमी आणि इंडेम्निटी: दोन वेगळी वचने

प्रश्न: "वितरण कराराचं मराठी भाषांतर करते आहे. एकाच कलमात गॅरंटी आणि इंडेम्निटी दोन्ही आहेत. दोन्हींना 'हमी' म्हटलं तर चालेल का? की 'हमी' आणि 'क्षतिपूर्ती' करू? एकांनी 'हमी व भरपाई' असंही सुचवलंय."

नाही चालणार. आणि 'हमी व भरपाई' तर मुळीच नको.

'हमी' या शब्दाला आपण इतकं राबवलंय की त्याला आता स्वतःचं असं काम उरलेलं नाही. अर्जासोबत जोडायचं ते हमीपत्र, निविदाधारकाने लिहून द्यायचं ते हमीपत्र, यंत्र वर्षभर चालेल ही हमी, विकणाऱ्याने 'माल माझ्याच मालकीचा आहे' म्हणणं हीसुद्धा हमी. इंग्रजी मसुद्यात अंडरटेकिंग, वॉरंटी, गॅरंटी आणि इंडेम्निटी असे चार शब्द चार कामांना जुंपलेले असतात. मराठीत चारही ठिकाणी 'हमी देतो' येतं आणि वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही. न खटकणारी चूक सापडतही नाही.

दुसरं कारण भाषांतरकारांच्या सवयीत आहे. इंग्रजी वकिली भाषेला जोडशब्दांची हौस. 'नल अँड व्हॉइड' दिसलं की शहाणा भाषांतरकार 'रद्दबातल' लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच हिशेबाने 'गॅरंटीज अँड इंडेम्निफाइज' दिसलं की तो 'हमी देतो' लिहितो. इथे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. मसुदा करणाऱ्याने ती दोन वेगळी वचनं मुद्दाम शेजारी ठेवलेली असतात, एक निसटलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. भाषांतरात त्यांतलं एक गायब होतं.

कायदा थोडक्यात सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १२४ इंडेम्निटीचं आणि १२६ गॅरंटीचं. गॅरंटीत मी म्हणतो, 'त्याने दिलं नाही तर मी देईन.' इंडेम्निटीत मी म्हणतो, 'तुला झळ लागू देणार नाही.' पहिलं वचन दुसऱ्या कुणाच्या तरी कर्जावर टेकून उभं असतं. दुसरं स्वतःच्या पायावर.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. संस्कृतात जामीन राहणाऱ्याला 'प्रतिभू' म्हणतात. पुष्कळ लोक हा शब्द 'प्रतिनिधी'चा भाऊ समजतात आणि 'ऐवजी उभा राहणारा' असा अर्थ लावतात. पण पाणिनीचं सूत्र पाहा: 'भुवः संज्ञान्तरयोः' (३.२.१७९). यातल्या 'अन्तर' या शब्दाच्या आधारे काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका सांगते की धनको आणि ऋणको यांच्या मध्ये जो उभा राहतो तो प्रतिभू. ऐवजी नव्हे, मध्ये! म्हणजे व्याकरणाच्या नियमातच तीन माणसं उभी आहेत. मध्ये उभं राहायचं तर दोन्ही टोकांना कुणीतरी हवं आणि त्या दोघांत आधी काहीतरी देणंघेणं हवं. गॅरंटीची याहून नेमकी व्याख्या १८७२ च्या कायद्यालाही साधलेली नाही, असं माझं मत आहे.

याज्ञवल्क्यस्मृती आणखी बारकाव्यात जाते. प्रातिभाव्य, म्हणजे जामीनकी, तीन कारणांसाठी, असं ती म्हणते: दर्शन, प्रत्यय आणि दान. माणसाला हजर करण्यासाठी, त्याच्या विश्वासार्हतेसाठी आणि पैसे देण्यासाठी. पहिला प्रकार फौजदारी न्यायालयात आजही जामीन या नावाने चालतो. तिसरा म्हणजे बँकेतली गॅरंटी. आपल्याला सगळ्याला एकच 'हमी' पुरते.

'जामीन' शब्दाचीही हीच गंमत. मूळ अरबी 'दामिन', फारसीतून येताना 'ज' झाला. अरबी धर्मशास्त्रकारांनी जामीनकीची केलेली व्याख्या मला फार आवडते: एका 'जिम्म्या'ला दुसरा 'जिम्मा' जोडणे. हा जिम्मा म्हणजे आपलाच जिम्मा, जबाबदारी. ऋणकोचा जिम्मा जागेवर राहतो आणि त्याला जामीनदाराचा जोडला जातो. पण त्याच शास्त्रात 'दमान' हा शब्द दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस केल्यावर येणाऱ्या भरपाईच्या दायित्वालाही वापरतात. म्हणजे एका धातूच्या पोटात जामीनकी आणि नुकसानीची जबाबदारी दोन्ही नांदतात. आपला गोंधळ तिथूनच पाझरत आला, हा माझा लाडका तर्क. पुरावा मागू नका.

परत कराराकडे. परीक्षेच्या मार्गदर्शकांत एक सूत्र घोकवतात: माणसं दोन असतील तर इंडेम्निटी, तीन असतील तर गॅरंटी. यावर विसंबणारे भाषांतरकार मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो, हे सूत्र अर्धवट आहे. कलम १२४ मध्येच 'वचन देणाऱ्याच्या किंवा अन्य कोणाच्याही वर्तनामुळे' होणारं नुकसान धरलेलं आहे. म्हणजे इंडेम्निटीतही तिसरा माणूस येऊ शकतो. फक्त तिथे तो कराराचा पक्ष असण्याची गरज नाही. डोकी मोजण्याऐवजी विचारा: हे वचन तिसऱ्याच्या देण्यावर टेकलंय का? ते देणं काढून घेतलं तर वचन कोसळतं का?

तुमच्यासारख्याच कराराचं उदाहरण घेऊ. पुरवठादार वितरकाला ६० दिवसांच्या उधारीवर माल देतो. वितरकाची प्रवर्तक कंपनी त्या पैशांबद्दल पुरवठादाराला वचन लिहून देते. ४० लाख थकतात. पुरवठादार आणि वितरक आपसात लेखी ठरवतात की थकबाकीला आणखी ६० दिवसांची मुदत द्यायची. प्रवर्तक कंपनीला विचारत नाहीत. पुढे वितरक बुडतो आणि पुरवठादार प्रवर्तक कंपनीकडे जातो.

ते वचन गॅरंटी असेल, तर कंपनी कलम १३५ दाखवेल: धनकोने जामीनदाराच्या संमतीशिवाय ऋणकोला मुदत देण्याचं कबूल केलं की जामीनदार सुटला. नुसतं गप्प बसून दावा लांबवला असता तर गोष्ट वेगळी होती, कलम १३७ प्रमाणे तेवढ्याने जामीनदार सुटत नाही. पण इथे लेखी मुदत दिली आहे. ४० लाख गेले. ते वचन इंडेम्निटी असेल, तर १३५ ची ही ढाल कंपनीच्या हाती नाही, कारण ती जामीनदारासाठी घडवलेली आहे. म्हणून तर सावध मसुदाकार दोन्ही लिहून घेतात, आणि वर 'मुदत दिली तरी हमीदार मुक्त होणार नाही' असंही एक कलम घालतात. आता मूळ मसुद्यात दोन्ही होती आणि मराठी प्रतीत फक्त 'हमी देतो' उरलं, तर कंपनीचा वकील कोणती प्रत पुढे करेल? 'तफावत आढळल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य' असं कलम असेल तर निभावेल. सही मराठी प्रतीवरच झाली असेल तर न्यायालय शीर्षकापेक्षा आशय पाहील हे खरं, पण आशयसुद्धा तुमच्याच वाक्यातून काढला जाणार.

मग 'क्षतिपूर्ती' का नको? सरकारी कागदांत ती रूढ आहे, क्षतिपूर्ती बंधपत्र सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे ती राहू द्या. पण परिभाषावाल्यांशी माझं भांडण असं की 'पूर्ती' म्हटलं की आधी क्षती झालेली असली पाहिजे. भोक पडल्याशिवाय बुजवणार काय? लॅटिन 'इंडेम्निस' म्हणजे 'हानी न झालेला'. शब्दाचा रोख नुकसान भरून देण्यावर नाही, ते अंगाला लागू न देण्यावर आहे. हा कीस मी हौसेने काढत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात हाच वाद आला. प्रतिवादीच्या देण्यापायी वादीने भूखंड गहाण ठेवला होता, आणि ते ओझं उतरवून देण्याचं वचन प्रतिवादीने पाळलं नव्हतं. प्रतिवादी म्हणाला, तुझ्या खिशातून अजून काही गेलेलं नाही, मग दावा कसला? न्यायमूर्ती छगलांनी हे मानलं नाही. दायित्व निश्चित होऊन डोक्यावर बसलं असेल, तर पैसे भरण्याआधीच त्यातून सोडवण्याची मागणी करता येते. 'क्षतिपूर्ती' वाचणारा मराठी माणूस मात्र प्रतिवादीच्याच बाजूने विचार करणार.

'भरपाई' तर त्याहून वाईट. ती कलम ७३ ची, करार मोडल्यावर न्यायालय देतं ती.

खरं म्हणजे आपल्या जुन्या खरेदीखतांत इंडेम्निटीला अस्सल मराठी वाक्य आहे: 'मिळकतीवर कोणी हक्क सांगितल्यास त्याचे निवारण आम्ही स्वखर्चाने करू, त्याची तोशीस तुम्हांस लागू देणार नाही.' तोशीस! अरबी 'तश्वीश', म्हणजे अस्वस्थता, गोंधळ, त्याचा हा मराठी अवतार. यात पैसा खर्च होण्याचीसुद्धा वाट पाहिलेली नाही. मनाला घोर लागण्यापासून वचन सुरू होतं. असा शब्द घरात असताना आपण 'क्षतिपूर्ती' घडवत बसलो.

तुमच्या कलमासाठी: गॅरंटीला 'हमी' आणि देणाऱ्याला 'हमीदार', पण संपूर्ण करारात तेवढ्यापुरतंच. वॉरंटी आली तर 'ग्वाही देतो', अंडरटेकिंग आलं तर 'वचन देतो', म्हणजे हमीला गर्दी होणार नाही. इंडेम्निटीला 'हानिरक्षण', व्याख्येच्या कलमात एकदा उलगडून. आणि दोन्ही एका वाक्यात कोंबू नका:

'वितरकाने देय रक्कम मुदतीत न दिल्यास ती रक्कम हमीदार पुरवठादारास देईल.'

'वरील हमीपासून स्वतंत्रपणे, वितरकाच्या वर्तनामुळे पुरवठादारावर येणारे कोणतेही दायित्व, दावा, खर्च वा नुकसान यांची तोशीस हमीदार पुरवठादारास लागू देणार नाही, आणि असे दायित्व निश्चित होताच ते स्वतः फेडील.'

पहिल्यात 'न दिल्यास' आहे, दुसऱ्यात नाही. 'स्वतंत्रपणे' हा शब्द वाक्य जड झालं म्हणून गाळू नका. इंग्रजीत 'ॲज प्रायमरी ऑब्लिगर' असं काही असेल तर त्याचं कामही तोच करतो.

एक राहिलं. पुढे कुठे 'काउंटर गॅरंटी' आली तर लगेच 'प्रतिहमी' लिहू नका. बँक तुमच्या अशिलासाठी हमी देते आणि अशिलाकडून जो कागद लिहून घेते त्याला आपल्याकडे सर्रास हे नाव आहे. पण तो कागद नीट वाचलात तर बहुतेकदा आत एवढंच असतं: बँकेला पैसे मोजावे लागले तर ते मी भरून देईन आणि बँकेला झळ पोचू देणार नाही. तो स्वतःच मूळ ऋणको. तो मध्ये कुठे उभा आहे? हे हानिरक्षण आहे, आणि असं वचन लिहून घेतलं नसतं तरी कलम १४५ ने ते गृहीत धरलेलं आहेच. शीर्षक हवं तर 'काउंटर गॅरंटी' असंच देवनागरीत ठेवा, पण आतल्या वाक्यात 'हमी' येऊ देऊ नका.