नमस्कार सुनीता, सुनीताताई, की नुसताच नमस्कार?

प्रश्न : कोणी पहिल्यांदाच निरोप पाठवतं, 'नमस्कार, मी सुनीता जोशी.' उत्तरात नुसतं 'नमस्कार' लिहिलं तर कोरडं वाटतं, 'नमस्कार सुनीता' लिहिलं तर सलगी केल्यासारखं आणि 'नमस्कार सुनीता जोशीजी' म्हटलं तर छापील. नाव एकदाच घ्यायचं तर कुठे आणि कोणत्या रूपात घ्यावं?

'नमस्कार सुनीता,' असं खुशाल लिहा. मात्र पुढचं वाक्य 'तुम्ही'चं हवं, आणि ते त्यांच्या निरोपातल्याच एखाद्या गोष्टीला धरून हवं. या दोन गोष्टी जमल्या की नुसतं नावही अंगचटीला आल्यासारखं वाटत नाही. त्या चुकल्या तर मात्र ताई, जी, मॅडम यांपैकी काहीही जोडलं तरी मजकूर सावरत नाही.

हा पेच बराचसा नवा आहे. जुन्या मराठी पत्रात तो येतच नसे, कारण तिथे नाव आणि नमस्कार वेगवेगळ्या ओळींवर असत. आधी 'श्री. गोविंदराव यांस', मग खालच्या ओळीवर 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि मग थेट मजकूर. नाव एकदाच, तेही सगळ्यात वर. पुढच्या मजकुरात 'आपले पत्र पावले', 'आपण कळवावे' असा सगळा कारभार 'आपण'वर चाले. यातलं 'यांस' नीट पाहा. तिथे नावाने हाक मारलेली नाही. पत्र कोणाला आहे एवढंच सांगितलं आहे. आदरही 'यांस'मधल्या अनुस्वारात आहे, कारण ते अनेकवचन आहे. धाकट्याला लिहिताना तेच 'चिरंजीव गोविंद यास' होई.

आजच्या निरोपात आपण या दोन ओळींची एक केली, 'नमस्कार गोविंदराव,' अशी. तसं करताना 'यांस' गळून गेला आणि नाव संबोधनात आलं, म्हणजे त्याची हाक झाली. मराठीत हाक मारणं हा नातं ठरवणारा प्रकार आहे. कोणी कोणाला नावाने हाक मारायची आणि कोणी कोणाला 'अहो' म्हणायचं याचे आडाखे आपल्या कानात पक्के बसलेले असतात. म्हणून 'श्रीमती सुनीता जोशी यांस' लिहिताना जे नाव टोचलं नसतं, तेच 'नमस्कार सुनीता'मध्ये टोचतं.

संबोधनाच्या एकवचनाला वेगळा प्रत्यय नाही. सामान्यनामाचं सामान्यरूप होतं, जसं 'मुला'. विशेषनाम मात्र आज आपण आहे तसंच ठेवतो. 'प्रसाद, इकडे ये' म्हणतो. 'प्रसादा' म्हटलं की लाड तरी येतात किंवा वैताग तरी. (अनेकवचनी 'नो' एकट्या माणसाला, कितीही आदर असला तरी, लागत नाही.) म्हणजे नावाच्या रूपावरून समोरच्याला आदराचा काही पत्ता लागत नाही. 'नमस्कार सुनीता,' इथे थांबलात तर ते 'तू' म्हणणाऱ्याचं आहे की 'तुम्ही' म्हणणाऱ्याचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ते पुढच्या क्रियापदावर कळतं. 'नमस्कार सुनीता, फॉर्म पाठव' आणि 'नमस्कार सुनीता, फॉर्म पाठवा' यांत नाव तेच आहे, पण एका कान्याने नातं बदललं. पूर्वी जे काम 'यांस'मधलं अनेकवचन करत होतं, ते आता क्रियापदाचं अनेकवचन करतं.

नुसतं नाव आणि 'तुम्ही' ही जोडी काही जुन्या कानांना अजून विजोड वाटते. त्यांच्या हिशेबी ज्याला 'तुम्ही' म्हणायचं त्याच्या नावाला राव, ताई, बाई, पंत असं काहीतरी हवंच. पण कामाच्या ठिकाणी, समवयस्क अनोळखी माणसांत ही जोडी आता रुळली आहे आणि मला ती आवडते. तिच्यात वय गृहीत धरलेलं नसतं, लग्न गृहीत धरलेलं नसतं, तरी आदर शाबूत राहतो.

मग प्रत्यय कधी लावायचा? माणूस वयाने किंवा अनुभवाने मोठा आहे हे माहीत असेल तेव्हा, किंवा त्या वर्तुळात सगळे एकमेकांना तसंच म्हणत असतील तेव्हा. सामाजिक कामात 'सुनीताताई' ही वयाची नव्हे, रिवाजाची बाब असते. तिथे नुसतं 'सुनीता' हेच उलट तुटक वाटेल. पण काहीच माहीत नसताना 'ताई' म्हणजे न मागता जोडलेलं नातं, आणि 'काकू' तर सरळ धोकाच. 'जी'बद्दल माझं मत जरा कडक आहे. गुरुजी ठीक, पण सुटसुटीत मराठी वाक्यात 'सुनीताजी' आलं की सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक हातात घेतल्याचा भास होतो. 'श्रीमती' आणि 'श्री.' पाकिटावर, निमंत्रणावर, यादीत शोभतात. नमस्कारानंतर ते हाकेत बसत नाहीत. पुरुषांत चालणारं 'नमस्कार जोशी,' हे बरोबरीच्या ओळखीत ठीक, अनोळखी माणसाला तोडून बोलल्यासारखं. स्त्रियांच्या बाबतीत नुसतं आडनाव मराठी कानाला अजून पटत नाही. आडनावच हवं असेल तर 'जोशी मॅडम'. लिहिताना ताई, राव, बाई नावाला जोडून लिहावेत. मॅडम, सर सुटे लिहायची सवय आहे. संबोधनानंतर स्वल्पविराम द्यायचा, नमस्कार आणि नावाच्या मधे मात्र देत नाहीत.

आता जागेचं बघू. उत्तरात नाव नमस्काराला चिकटून आलं की ते 'तुमचं नाव वाचलं' एवढंच सांगतं, आणि तेवढंच हवं असतं. तेच नाव वाक्याच्या पोटात गेलं की सूर बदलतो. 'हे बघा सुनीता, अर्ज मुदतीत यायला हवा' हे कितीही सौम्यपणे लिहा, त्यात समज दिल्याचा सूर येतोच. समोरचा माणूस आधीच आपल्याशी बोलतोय, लक्ष देतोय. अशा वेळी मधेच पुन्हा हाक मारायची गरज मराठीत दोनच प्रसंगी पडते, समजूत काढताना किंवा दटावताना. शेवटी नाव घेतलं, 'भेटू मग, सुनीता', की जवळीक दिसते. पहिल्या उत्तरात ती आगाऊ वाटेल. फोनवर मात्र उलटा क्रम सहज येतो. 'बोला सुनीताताई' यात क्रियापद आधी आणि नाव मागून येतं, त्यामुळे हाक मऊ होते. लेखी उत्तरात 'बोला' लिहिलं तर तो दुकानदारी सूर वाटतो, म्हणून तिथे 'नमस्कार'च बरा.

समजा निरोप असा आहे :

'नमस्कार, मी सुनीता जोशी. तुमच्या शनिवारच्या वाचनवर्गाबद्दल कळलं. मला सहा वाजल्यानंतरच यायला जमेल. चालेल का?'

एक उत्तर असं येऊ शकतं : 'नमस्कार सुनीता जोशीजी! आमच्या वाचनवर्गात रस दाखवल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. सुनीताजी, आपल्याला लवकरच सविस्तर माहिती कळवण्यात येईल.' यात नाव दोनदा आलं आहे आणि एकदाही गरज नव्हती. पूर्ण नाव नोंदवहीतून उचलल्यासारखं वाटतं. पण खरा छापीलपणा दुसऱ्या वाक्यात आहे. नाव झाकून वाचून पाहा : ते वाक्य जगातल्या कोणालाही पाठवता येईल. त्यांनी विचारलेलं 'सहा वाजल्यानंतर' कुठेच नाही. 'कळवण्यात येईल' या कर्मणी रूपामुळे तर लिहिणारा माणूसच गायब झाला. अशा मजकुरावर नाव चिकटवलं की ते रिकाम्या जागेत भरल्यासारखं दिसतं.

दुसरं टोक : 'हाय सुनीता! अगं ये की, सहानंतर पण चालेल.' मजकूर नेमका आहे, विचारलेल्याला उत्तर आहे, पण 'अगं' आणि 'ये' यांनी ओळख नसताना घरात पाय टाकला. इथे नावाला 'ताई' जोडून काही सुधारत नाही. 'सुनीताताई, ये की' हे फक्त धाकट्या बहिणीच्या तोंडी शोभेल.

मी असं लिहीन : 'नमस्कार सुनीता, सहानंतर आलात तरी चालेल. पहिला अर्धा तास मागच्या वेळच्या पुस्तकावर गप्पा असतात, वाचन साडेसहाला सुरू होतं.' नाव एकदा, नमस्काराला लागून, 'आलात' हे आदराचं, आणि पहिलंच वाक्य त्यांच्या वेळेबद्दल. 'सहानंतर' यात त्यांचंच म्हणणं परत आलं, त्यामुळे निरोप वाचला गेला हे नावापेक्षा त्यानेच जास्त पटतं. प्रश्न एवढाच छोटा असेल तर नाव न घेता 'नमस्कार. सहानंतर आलात तरी चालेल' हेही मला मुळीच कोरडं वाटत नाही.

नावाचं रूप ठरवताना त्यांची स्वतःची सही पाहावी. खाली 'सुनीता' एवढंच असेल तर तेवढंच उचला. 'डॉ. जोशी' असेल तर 'नमस्कार डॉक्टर,' किंवा 'नमस्कार डॉ. जोशी,'. सहीत नसलेलं नाव, म्हणजे फोनच्या यादीत किंवा ईमेलच्या पत्त्यात दिसणारं, परस्पर घेऊ नये; पुष्कळदा ते घरातल्या दुसऱ्याच कुणाचं असतं.

एक अडचण उरते, ती किरण, सुहास अशा नावांची. समोर स्त्री आहे की पुरुष हे कळत नाही, आणि मराठी वाक्य तर ते विचारतंच. 'कशा आहात' की 'कसे आहात' इथेच अडायला होतं. इथे ताई-दादा बाद, सर-मॅडम बाद. नुसतं नाव हाच मार्ग. पुढची वाक्यं लिंग न दाखवणारी घ्यावीत : 'नमस्कार किरण, तुमचा निरोप मिळाला', 'तुम्हाला कोणती वेळ सोयीची आहे ते कळवा', 'कसं चाललंय?' आज्ञार्थाला लिंग नसतं आणि 'आलात' दोघांनाही चालतं, त्यामुळे दोन-चार ओळी सहज निभावतात. तोवर समोरून 'मी आले असते, पण' किंवा 'मी आलो असतो, पण' असं काहीतरी येतंच.

दुसऱ्या उत्तरापासून नाव सोडून द्या, नमस्कारही. संभाषण चालू असताना प्रत्येक ओळीला 'नमस्कार सुनीता,' लावणं म्हणजे दर वेळी दार लावून पुन्हा कडी वाजवणं. मधे बरेच दिवस गेले तर पुन्हा एकदा घ्यावं. आणि त्यांनीच मधे 'अहो, मला सुनीताताई नका म्हणू, सुनीता चालेल' असं लिहिलं, तर 'ताई' तेवढी काढावी. 'तुम्ही' काढायची परवानगी त्यात आलेली नाही.