विकोची जाहिरात लागायची ती मालिका कोणती?

प्रश्न: लहानपणी दूरदर्शनवर एक हिंदी विनोदी मालिका बघायचो. नाव आठवत नाही, फक्त आधी विकोची जाहिरात लागायची आणि एकच माणूस दर वेळी वेगळ्याच वेशात यायचा. प्रायोजकावरून मालिका ओळखता येते का?

ये जो है जिंदगी. १९८४ ची. पण तुम्ही विको म्हणालात म्हणून नाही हो ओळखली, वेगळ्या वेशातला माणूस म्हणालात म्हणून ओळखली. तो सतीश शाह, दर भागात नवीन पात्र. विको प्रायोजक होतीच, पण नुसत्या विकोवर मी पैज लावली नसती, आणि याला कारण आमचा आतेभाऊ, म्हणजे दादा.

आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, समोरच्या काकूंकडे जायचो. तिथली विकोची धून अंगणात ऐकू आली की आम्ही जेवण अर्धवट टाकून पळायचो, हात धुवायचे की नाही हाही प्रश्नच. तर गेल्या गणपतीत सगळे जमलो होतो आणि दादा ठासून सांगायला लागला की विकोवाली मालिका म्हणजे हम लोग. मी म्हटलं दादा, हम लोगला मॅगी होती. तर म्हणे तुला काय कळतंय, तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. सगळे हसले. अरे, फ्रॉकमध्ये होते म्हणूनच तर आठवतंय! हम लोग जुलै ८४ ला सुरू झाली आणि मॅगी तेव्हा नवीनच आली होती. जाहिरात बघून मी आईच्या मागे लागले, तर आईने पहिल्यांदा ती शेवयांसारखी शिजवली, पाणी ओतून टाकलं आणि वर मोहरी-कांद्याची फोडणी दिली, मसाल्याची पुडी तशीच डब्यावर पडलेली. दोन मिनिटं कसली, अर्धा तास गेला. हे मी विसरेन का?

दादाची चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. विकोची जाहिरात थिएटरातही लागायची, पिक्चरच्या आधी, हळदीचा सीन असलेली. म्हणजे जाहिरात आठवते म्हणजे तीच मालिका असं काही नसतं. जाहिरात आणि प्रायोजक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. प्रायोजक म्हणजे मालिकेचा खर्च उचलणारा, त्याच्या बदल्यात दूरदर्शन त्याला जाहिरातीसाठी ठराविक सेकंद द्यायचं. बाकीचे नुसते वेळ विकत घ्यायचे. त्यामुळे धून आठवून उपयोग नाही, पाटीवर किंवा निवेदनात "प्रायोजक" म्हणून कोणाचं नाव होतं ते आठवा.

आणि मालिका त्याच्याही आधीची असेल तर प्रायोजक शोधतच बसू नका. आमच्या आत्याने त्याच वादात चिमणराव-गुंड्याभाऊचा प्रायोजक कोण असं विचारलं. कोणी नाही! ती मुंबई दूरदर्शनने स्वतः केलेली, सत्तरच्या दशकातली. प्रायोजित मालिकांची सुरुवातच हम लोगपासून धरतात.

नाव कार्यक्रमातच असेल तर मात्र सोपं, क्लोजअप अंताक्षरी, फिलिप्स टॉप टेन, यात वादच नाही. रेडिओवर तर इन्स्पेक्टर ईगल होता, फ्लास्कवाल्या ईगलचा, हिरोचंच नाव कंपनीचं! जाहिरात वेगळी कशाला करायची, प्रत्येक संवादात माल विकला जातोय. दादाला हाही कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातला इन्स्पेक्टर वाटायचा. पण नावावरही डोळे मिटून विसंबू नका, बिनाका गीतमालाचं पुढे सिबाका झालं, कारण टूथपेस्टचंच नाव बदललं, मग दोन वयाची माणसं एकाच कार्यक्रमावरून भांडतात.

आता नेटवर जुने भाग सापडतात त्यात प्रायोजक दिसला नाही तर लगेच "नव्हताच" म्हणू नका. पुनर्प्रसारणात तो तुकडा कापला जातो. अमेरिकेत आय लव्ह लुसीच्या सुरुवातीला नवरा-बायकोची कार्टून चित्रं फिलिप मॉरिसच्या सिगरेटच्या पाकिटाशी खेळायची, पुढच्या पिढ्यांनी मात्र त्या जागी नुसता बदाम बघितला. त्यांना सिगरेटवरून मालिका ओळखायला सांगा बरं.

अर्थात विको फक्त याच मालिकेला होती असं माझं म्हणणं नाही, तुमचा तो वेशवाला माणूस सतीश शाह नसेल तर माझं उत्तरही चुकलं. रात्रीची अर्ध्या तासाची असायची का, घरात नवरा-बायको आणि बायकोचा भाऊ होता का ते आठवून बघा. स्वरूप संपत, शफी इनामदार आणि राकेश बेदी. जुळलं तर इथे लिहा, मला त्याचा स्क्रीनशॉट दादाला पाठवायचाय, मिसळीची पैज अजून बाकी आहे.