कोणते आठ गुण गेले, ते आधी बघा

"वडील ७१ वर्षांचे आहेत. नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते विसरतात. नाशिकमधल्या एका शिबिरात स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २२ गुण आले आणि कागदावर ‘डिमेन्शिया?’ असं लिहून दिलं. हे वयाचं आहे की खरंच आजार?"

वडील किती शिकलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिबिरातही बहुधा कोणी विचारलं नसेल. त्याशिवाय २२ या आकड्याला काहीही अर्थ नाही. मी एका मेमरी क्लिनिकमध्ये या चाचण्या घेते, म्हणून हे ठामपणे सांगते. आणि माझ्या घरात अशाच एका कागदावरून जे झालं, त्यासाठी तर जास्तच ठामपणे सांगते.

माझी आई पंचवटीत राहते. चौथी पास. दोन वर्षांपूर्वी दादा तिला असल्याच एका मोफत शिबिरात घेऊन गेला. तिला ३० पैकी २० गुण मिळाले, आणि २४ च्या खाली म्हणजे डिमेन्शिया असं सांगून मोकळे झाले. त्याच महिन्यात दिंडोरीजवळची द्राक्षबाग विकायचं चाललं होतं. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे आणि ती विकायला तयार नव्हती. कागद हातात आल्यावर दादा म्हणाला, "तिचं डोकं आता चालत नाही, तिला काय विचारायचं?"

मी तो कागद मागवला आणि एकेक गुण तपासला. चाचणी एमएमएसई होती, १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली. साल, ऋतू, तारीख, वार, महिना यांना मिळून पाच गुण असतात. आईने वार आणि ऋतू बरोबर सांगितला. तारीख विचारल्यावर "आज एकादशी" म्हणाली, महिना "कार्तिक" म्हणाली. दोन्ही चूक धरले. मी कॅलेंडर काढून पाहिलं, त्या दिवशी कार्तिकी एकादशीच होती. साल मात्र तिला सांगता आलं नाही. इथे तीन गुण गेले. पुढे शंभरातून सात, मग उरलेल्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा वजा करायचं होतं. ९३ वर ती थांबली, चार गुण गेले. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे वाचायचं वाक्य, लिहायचं वाक्य आणि बघून काढायचे एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन, हे तिन्ही गेले. एकूण दहा.

आता काय गेलं नाही ते बघा. सुरुवातीला सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने विचारतात. तिने तिन्ही सांगितले. अल्झायमरमध्ये बहुतेकदा सगळ्यात आधी घसरते ती नेमकी हीच जागा, म्हणजे नवी गोष्ट मेंदूत टिकून राहणं. आईचे गेलेले गुण शाळेचे, चष्म्याचे आणि इंग्रजी कॅलेंडरचे होते.

हे काही नवं नाही. अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या पाहणीत (१९९३) नऊ किंवा जास्त वर्षं शाळा झालेल्यांत बरोबर मधल्या माणसाचे गुण २९ होते आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांत २२. म्हणजे तिथेही कमी शिकलेल्या माणसांपैकी निम्मी २४ च्या खालीच होती. आपल्याकडे तर हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बनवली गेली, ती १९९५ ला प्रसिद्ध झाली. तिच्यात वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणायचे असतात आणि ‘डोळे मिटा’ हे वाचायला न लावता डोळे मिटून दाखवतात. इतकं सगळं हाताशी असताना शिबिरात तेच इंग्रजी पान शब्दशः मराठीत वाचून दाखवायचं, याचा मला राग येतो.

पुढे माझ्या सहकारी बाईंनी आईला पुन्हा तपासलं. आपल्या माणसाची चाचणी आपण घेऊ नये, आपण नकळत सुचवतो. आईने रविवार, शनिवार, शुक्रवार असं न अडखळता सोमवारपर्यंत म्हटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचं रोजचं वागणं विचारलं गेलं. भिशीचा हिशेब तिच्याकडे, बीपीच्या गोळ्या ती स्वतः घेते, द्राक्षाच्या मजुरीचे कोणाचे किती राहिलेत ते तिला तोंडपाठ.

तुमचा मूळ प्रश्न इथेच येतो. वयामुळे नाव उशिरा आठवतं, पण आठवतं, किंवा कोणी पहिलं अक्षर सांगितलं की लगेच सुटतं. चष्मा शोधावा लागतो, पण कुठे कुठे फिरलो ते मागे जाऊन शोधता येतं. सौम्य बोधात्मक घट, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात, तिच्यात वय आणि शिक्षण धरूनही चाचणीत घसरण दिसते, घरच्यांनाही फरक जाणवतो, पण माणूस आपले व्यवहार स्वतः निभावतो, फार तर यादी करून. व्यवहारच कोलमडले, दुसऱ्याने सांभाळावे लागले, की तो डिमेन्शिया. एमसीआय म्हणजे डिमेन्शियाची पहिली पायरी असंही धरू नका. काहींचं पुढे वाढतं, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही परत नॉर्मल येतात. म्हणून सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासतात.

उलटंही होतं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, माझ्या नात्यातले काका, एमएमएसईत २८. घरचे निर्धास्त. पण गेलेले दोन्ही गुण त्या तीन शब्दांतले होते, आणि काका लाइट बिल दोनदा भरत होते, भरल्याचं दाखवलं तरी आठवत नव्हतं. शिकलेल्या माणसाला ही चाचणी फार सोपी जाते. त्यांना मोका ही अवघड चाचणी दिली, तिच्यात २६ पासून पुढे ठीक धरतात. त्यांना २० मिळाले. त्यांच्या बाबतीत काळजी खरी होती.

म्हणून शिबिरातून फक्त बेरीज आणू नका, पूर्ण पान मागा. आणि वडिलांना दहा वर्षांपूर्वी जे सहज जमायचं ते आता जमतं का, हे आईला किंवा जो रोज सोबत असतो त्याला विचारा. पैसे, औषधं, ओळखीच्या रस्त्याने एकटं जाणं, सवयीची उपकरणं. तुम्ही पुण्या-मुंबईला राहून फोनवरून ठरवत असाल तर तुमचं मत धरू नका. दादाही आईला महिन्यातून एकदा भेटायचा.

वडील बारावी किंवा पदवीधर असतील, तर मात्र २२ हा कमीच आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथेही बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या हे तपासल्याशिवाय आजाराचं नाव ठरवू देऊ नका, कारण यातलं काही सुधारलं तर विसरणंही कमी होऊ शकतं. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळले असतील तर शिबिराचा कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो बहुधा डिमेन्शिया नसतो, संसर्ग किंवा सोडियम कमी झालेलं असतं. चाचणीची घरी तालीम करून घेऊ नका, पुढच्या वेळचे गुण मग खोटे येतात.

आणखी एक. घरात जमीन, फ्लॅट, वारस यांचं काही चालू असेल तर हा कागद भावंडांच्या हाती देऊ नका. भारतीय करार कायद्याचं कलम १२ एवढंच बघतं की करार करताना माणसाला तो समजतो का आणि आपल्यावर त्याचा काय परिणाम होईल हे ठरवता येतं का. त्यात ३० पैकी किती हे कुठेच नाही. डिमेन्शियाचं निदान झालेल्या माणसालाही सुरुवातीच्या काळात बरेच निर्णय घेता येतात. आमच्या आईने तेव्हा वकिलाला विचारलं होतं की बाग विकून येणाऱ्या पैशात आपल्या नावावर किती राहणार आणि विहीर कोणाकडे जाणार. दादाकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. बाग अजून तिच्याच नावावर आहे.