ऑनलाइन साड्या विकते. एका बाईनं एक स्टार देऊन 'फसवणूक' लिहिलंय. उत्तर काय द्यावं आणि चांगले रिव्ह्यू कसे मिळवावेत?

रागात असाल तर आज काहीच लिहू नका.

आमचं दुकान बेळगावात वडगावला, साड्यांचंच. पुण्याच्या एका बाईंनी गूगलवर एक स्टार दिला, पहिल्याच धुण्यात लाल काठाचा रंग पिवळ्या अंगावर उतरला म्हणून. आमचे दाजी धंद्यात भागीदार, ते लगेच 'गरम पाण्यात भिजवली असणार, आमच्याकडं अशी तक्रार कधीच नाही' असं लिहायला बसले, मी फोनच काढून घेतला. अहो, ते उत्तर त्या बाईंपेक्षा पुढं साडी घेणारा माणूस वाचतोय की, त्याला दिसणार काय, तर दुकानदार गिऱ्हाइकाशी भांडतोय.

मी एवढंच लिहिलं: "ताई, साडी खराब झाली हे वाईटच झालं. बिल नंबर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, साडी परत मागवतो, कुरिअरचा खर्च आमचा." पैशाचं बोलणं, पत्ता, ऑर्डर हे सगळं खासगीत. साडी आल्यावर ओलं पांढरं फडकं काठावर चोळलं तर फडकं लालभडक, त्याच लॉटच्या दुकानातल्या साड्यांचंही तेच. म्हणजे सुताचा रंगच पक्का नव्हता, गरम पाण्याचा काही संबंध नाही. लॉट परत केला, त्यांना दुसरी साडी पाठवली, स्टार वाढवा म्हणून एका शब्दानं बोललो नाही. त्यांनी आपणहून तोच रिव्ह्यू बदलून तीन स्टार केले, खाली काय झालं तेही लिहिलं. पाच स्टारवाल्या 'नाइस शॉप'पेक्षा लोक हाच वाचून फोन करतात.

दाजींचं दुसरं डोकं म्हणजे पै-पाहुण्यांकडून एका संध्याकाळी पाच-पाच स्टार टाकून घेतले. सगळे 'बेस्ट क्वालिटी', फोटो एकाचाही नाही. थोड्याच दिवसात बरेचसे गायब. गूगलला हे चालत नाही, रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट दिलेलंही चालत नाही. दाजी अजून म्हणतात गूगलचीच चूक.

खरा रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे साडी एकदा नेसून झाल्यावर. लग्नातला फोटो पाठवून बाई 'सगळ्यांनी विचारलं हो' म्हणाली की तिथंच गूगल प्रोफाइलची रिव्ह्यू लिंक पाठवा आणि नेमकं विचारा, रंग फोटोसारखाच होता का, पदर कसा बसला. नुसतं 'रिव्ह्यू द्या' म्हटलं की 'गुड' येतं. अ‍ॅमेझॉनवर विकत असाल तर Request a Review बटण आहे, डिलिव्हरीनंतर 5 ते 30 दिवसांत चालतं.

तरी एक सांगतो, खूश असलेल्यांनाच निवडून लिंक पाठवणंही गूगलच्या नियमात बसत नाही, त्यामुळं आम्ही पार्सलमध्ये सगळ्यांनाच क्यूआर कोडची चिठ्ठी टाकतो. आणि ती बाई तुमची गिऱ्हाईकच नसेल तर रिपोर्ट करा, पण नुसता वाईट रिव्ह्यू आहे म्हणून गूगल काढत नाही. रिव्ह्यू कन्नडमध्ये असेल तर उत्तर कन्नडमध्येच द्या, यावरूनही आमच्याकडं भांडण झालंय, पण त्यांना कळायला नको काय?