ईसीएल तरतूद पहिल्यांदा तपासतोयस? आधी मागचं वर्ष उघड

ईसीएल म्हणजे येणी बुडून होऊ शकणारा, आधीच अंदाजाने धरलेला तोटा. त्यातली पीडी म्हणजे बुडण्याची शक्यता आणि एलजीडी म्हणजे बुडाल्यास होणारा तोटा, ही दोन्ही सध्या बाजूला ठेव. व्यापारी येण्यांच्या साध्या तक्त्यापासून सुरू कर: किती दिवस थकलंय आणि त्यावर किती टक्के तरतूद.

नवीन मुलं हमखास एक चूक करतात. एक्सेलमधला गुणाकार जुळला की टिक मारून मोकळी होतात. गुणाकार क्वचितच चुकतो. चुकतं ते टक्क्यात आणि दिवसांत.

म्हणून आधी एवढंच बघ:

- गेल्या मार्चअखेरची तरतूद घे आणि त्याच येण्यांतली पुढे किती बुडाली ते लाव. तरतूद 12 लाख, बुडाले 21 लाख, तर यंदाचा टक्का कमी का, हे विचारायलाच हवं.
- एजिंगमधली, म्हणजे कोणतं बिल किती दिवस थकलंय त्या यादीतली, काही बिलं मूळ कागदापर्यंत ने. मला एकदा जुनं बिल क्रेडिट नोटने रद्द करून मार्चअखेर नव्याने फाडलेलं सापडलं होतं. 200 दिवसांचं येणं रिपोर्टात 'ताजं' दिसत होतं!

आता कंपनीचा नफा फुगवण्याकडे कल आहे का, हे कसं ओळखायचं? समज, 180 दिवसांवरची येणी 80 लाख आहेत. दर 40 वरून 25 टक्के केला की तरतूद 32 ची 20 लाख होते, नफा 12 लाखांनी वाढतो. कारण काय, तर 'वसुली सुधारलीय'. मग एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट माग, पैसे आलेत का बघ. आणि यंदा बदललेली सगळी गृहीतकं एका कागदावर लिही. एकेक बदल पटण्यासारखा असेलही, पण सगळे नफा वाढवणारेच निघाले तर थेट सीएसाहेबांकडे जा.