मशिनरीवाल्या प्रोजेक्टमध्ये घसारा आणि कॅपेक्सचं शेड्यूल कसं लावायचं

प्रश्न: मशिनरी भरपूर असलेला प्रोजेक्ट आहे. मी एकूण कॅपेक्स भागिले १० करून दरवर्षी सारखा घसारा टाकला, तर बँकेच्या माणसाने "शेड्यूल नीट करून आणा" म्हणून परत पाठवलं. कॅपेक्स आणि डेप्रिसिएशनचं शेड्यूल स्टेप बाय स्टेप कसं करायचं?

उत्तर: मी प्रोजेक्शन्स बनवायचं काम करतो आणि मशिनरीच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त गडबड याच दोन शीटमध्ये दिसते. भागिले १० केल्यावर दोन गोष्टी गायब होतात, कुठली वस्तू कधीपासून वापरायला तयार झाली ती तारीख आणि ती कधी संपणार ती तारीख. त्या दोन तारखा शीटमध्ये आल्या की बाकीचं बरंचसं आपोआप लागतं. एक उदाहरण घेऊनच सांगतो, आकडे सगळे लाखांत धरा, चलन कुठलंही असू दे.

समजा जमीन ५०, बिल्डिंग १२०, मेन मशिनरीची इनव्हॉइस किंमत ४५०, साचे आणि टूलिंग ३६. मशिनरी आणायची वाहतूक, उतरवणं, फाउंडेशन, इलेक्ट्रिकल जोडणी, ट्रायल हे मिळून ३०. आणि बांधकाम चालू असताना लोनवर लागलेलं व्याज ३०. एकूण झाले ७१६. तुमच्या पद्धतीने दरवर्षी ७१.६ घसारा आला असता, पहिल्या वर्षीही तेवढाच, आणि त्यात जमीनसुद्धा आली जिच्यावर घसारा लागतच नाही.

आता पहिलं काम म्हणजे प्रत्येक वस्तूची खरी पुस्तकी किंमत काढायची. मशीनची किंमत म्हणजे नुसतं इनव्हॉइस नाही, ते मशीन जागेवर बसून चालायच्या अवस्थेत येईपर्यंत थेट लागलेला सगळा खर्च त्यात जातो, म्हणून ४५० अधिक ३० म्हणजे ४८०. परत मिळणारा टॅक्स मात्र किंमतीत घ्यायचा नाही. कामगारांचं ट्रेनिंग आणि हेड ऑफिसचा नेहमीचा खर्चही घ्यायचा नाही, आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय हिशोब मानकात हे स्पष्ट आहे, तरी लोक प्रोजेक्ट कॉस्ट फुगवायला ते मशिनरीत ढकलतात आणि ऑडिटर तिथेच पकडतो.

बांधकाम काळातलं ३० व्याज वेगळी वस्तू म्हणून ठेवायचं नाही, ज्या कामावर पैसा अडकला होता त्यांच्यात वाटायचं. इथे बिल्डिंग १२० आणि मशिनरी ४८० मिळून ६००, म्हणजे ५ टक्के. बिल्डिंग झाली १२६, मशिनरी ५०४. टूलिंग शेवटी तयारच विकत आलं, पैसा फार दिवस अडकला नाही, म्हणून त्यात व्याज नाही टाकलं. एक लक्षात ठेवा, मशीन वापरायला तयार झालं की त्या दिवसापासूनचं व्याज नफा-तोटा पत्रकात जातं, किंमतीत नाही. काही जण पूर्ण पहिल्या वर्षाचं व्याज कॅपिटलाइज करतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नफा छान दिसतो आणि बँकेवाला नेमका तोच आकडा आधी बघतो.

व्याजाचा अजून एक त्रास. व्याज प्रोजेक्ट कॉस्टमध्ये, कॉस्टवरून लोन, लोनवरून परत व्याज, असं गोल फिरतं आणि एक्सेल सर्क्युलर रेफरन्स म्हणून ओरडतं. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून गप्प बसवू नका, शीट कधी बिघडली ते कळतच नाही. त्यापेक्षा व्याजाचा आकडा एका सेलमध्ये हाताने टाका, बाजूच्या सेलमध्ये हिशोबाने आलेला आकडा ठेवा, दोघांतला फरक शून्य होईपर्यंत दोन-तीनदा पेस्ट करा.

दुसरं काम, प्रत्येक ओळीला आयुष्य, शेवटी राहणारी किंमत आणि वापरायला तयार होण्याची तारीख लावायची. तारीख म्हणजे इनव्हॉइसची नाही, पेमेंटची पण नाही. मशीन जागेवर बसलं, ट्रायल झाली, आता ठरल्याप्रमाणे चालवता येतं, तो दिवस. ऑर्डर नसल्यामुळे ते नुसतं उभं राहिलं तरी सरळ रेषेच्या पद्धतीत घसारा सुरू होतो. आपल्या उदाहरणात सगळं पहिल्या वर्षाच्या मध्यावर तयार झालं असं धरू. बिल्डिंगचं आयुष्य ३० वर्षं, शेवटी शून्य, म्हणजे वर्षाला ४.२. मशिनरी १२ वर्षं, शेवटी भंगाराचे २४, म्हणजे ५०४ वजा २४ भागिले १२, वर्षाला ४०. टूलिंग ३ वर्षं, वर्षाला १२. पूर्ण वर्षाचा घसारा ५६.२ आणि पहिल्या वर्षी फक्त २८.१. तुम्ही ७१.६ टाकला होता, म्हणजे पहिल्याच वर्षाचा नफा ४३.५ ने कमी दाखवत होतात, स्वतःचंच नुकसान. आयुष्य मात्र बिल्डरच्या किंवा मशीनवाल्याच्या ब्रोशरवरून उचलू नका, किती शिफ्ट चालणार त्यावर ते बदलतं, आणि तुमच्या देशाच्या कायद्यात ठराविक वर्षं दिलेली असतील तर तिथून सुरुवात करा.

एक्सेलमध्ये यासाठी एकच फॉर्म्युला जमीन सोडून सगळ्या ओळींना चालतो. दुसऱ्या ओळीत वर्षाची सुरुवात लिहा (0, 1, 2...), तिसऱ्या ओळीत शेवट (1, 2, 3...). B मध्ये किंमत, C मध्ये शेवटची किंमत, D मध्ये आयुष्य, E मध्ये सुरुवात, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मध्यासाठी 0.5. मग F5 पासून पुढे:

```
=($B5-$C5)/$D5*MAX(0,MIN(F$3,$E5+$D5)-MAX(F$2,$E5))
```

याचं काम एवढंच की त्या वर्षात ती वस्तू किती भाग जिवंत होती ते मोजायचं. टूलिंग ०.५ ला सुरू, ३.५ ला संपलं, तर चौथ्या वर्षात ते फक्त अर्धं वर्ष मोजतं, ६ टाकतं आणि पाचव्यापासून शून्य. हाताने १२, १२ ओढत गेलात की किंमतीपेक्षा जास्त घसारा लागतो, आणि ही चूक सहज डोळ्याला दिसत नाही कारण एकूण आकडा ठीकच वाटतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टूलिंग चौथ्या वर्षाच्या मध्यावर संपलं, मग कारखाना कशावर चालणार? नवीन घ्यावंच लागणार आणि तोवर भाव वाढलेला असणार, समजा ४२. म्हणजे चौथ्या वर्षी कॅशमधून ४२ जाणार, तेही लोनचे हप्ते जोरात चालू असताना. भागिले १० वाल्या शीटमध्ये हा खर्च कुठेच नाही, कारण तिथे टूलिंग १० वर्षं टिकतंय. बँकेने परत पाठवलं ते बहुतेक यासाठीच असेल. नवीन टूलिंगला शेड्यूलमध्ये वेगळी ओळ द्या, सुरुवात 3.5, आयुष्य ३, वर्षाला १४. जुन्या ओळीवर नवीन किंमत लिहायची नाही, नाहीतर मागच्या वर्षांचा घसारा पण बदलतो.

तसंच विस्ताराचं मशीन. समजा १२० चं एक मशीन, ३० ॲडव्हान्स दुसऱ्या वर्षी, ९० तिसऱ्या वर्षी, चालू झालं तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत. कॅश फ्लोमध्ये ३० आणि ९० ज्या त्या वर्षी, पण दुसऱ्या वर्षी त्या ३० वर घसारा नाही, बॅलन्स शीटमध्ये ते कॅपिटल वर्क इन प्रोग्रेसमध्ये पडून राहतात. तिसऱ्या वर्षी पूर्ण १२० ब्लॉकमध्ये, म्हणजे वापरात असलेल्या मालमत्तेच्या यादीत येतात, सुरुवात 2.75, आयुष्य १२, शेवटी शून्य, वर्षाला १० म्हणजे त्या वर्षी २.५. म्हणून कॅपेक्स शीट पैसे कधी गेले त्या तारखेने आणि घसारा शीट वस्तू कधी तयार झाली त्या तारखेने चालते, दोन्हींना एकाच वर्षात कोंबायचं नाही.

पाच वर्षांचा घसारा मग असा येतो: २८.१, ५६.२, ५८.७, ६७.२, ६८.२. सरळ एकसारखा नाही, आणि नसावाच.

यानंतर ब्लॉक जुळवायचा. सुरुवातीची नेट किंमत, अधिक नवीन भर, वजा घसारा, वजा काढून टाकलेल्याची उरलेली किंमत, म्हणजे शेवटची नेट किंमत. तिसऱ्या वर्षाअखेर ग्रॉस ८३६, जमा घसारा १४३, नेट ६९३. चौथ्या वर्षी ४२ आले, ६७.२ घसारा, नेट ६६७.८. आता ग्रॉसकडून बघा, ८३६ अधिक ४२ वजा जुनं टूलिंग ३६ म्हणजे ८४२, जमा घसारा १४३ अधिक ६७.२ वजा ३६ म्हणजे १७४.२, वजा केलं की तेच ६६७.८. लोक संपलेली वस्तू ग्रॉसमधून काढतात आणि जमा घसाऱ्यातून काढायला विसरतात, मग बॅलन्स शीट नेमकी ३६ ने जुळत नाही. फरकाचा आकडा तुमच्या एखाद्या वस्तूच्या किंमतीएवढा निघाला तर पहिल्यांदा इथेच बघा.

टॅक्ससाठीचा घसारा वेगळ्या शीटवर घ्या. तिथले दर, पद्धत आणि अर्ध्या वर्षाचे नियम कायद्याने ठरतात, पुस्तकी घसाऱ्याशी ते जुळत नाहीत. टॅक्स काढताना नफ्यात पुस्तकी घसारा परत मिळवायचा आणि टॅक्सवाला वजा करायचा. दोघांतल्या फरकाने डिफर्ड टॅक्स येतो, पण कॅश फ्लोमध्ये प्रत्यक्ष भरायचा टॅक्सच धरा.

शीट झाली की देण्याआधी एक गोष्ट करून बघा. सुरुवातीचे सगळे 0.5 बदलून 0.75 करा, म्हणजे प्रोजेक्ट ३ महिने लांबला. पहिल्या वर्षाचा घसारा २८.१ वरून साधारण १४ वर येईल आणि व्याज कॅपिटलाइज होणाऱ्या भागात वाढेल. आता विक्रीकडे बघा. विक्री तेवढीच राहिली तर उशीर झाल्यावर तुमचा नफा वाढलेला दिसेल, म्हणजे विक्रीची सुरुवात त्या सेलला जोडलेलीच नाही. विक्री, वीज, मजुरी, व्याजाचं नफा-तोट्यात जाणं आणि घसारा हे पाचही एकाच सुरुवातीच्या सेलमधून उचला, बँकेवाला उशिराचा प्रश्न विचारेल तेव्हा त्याच्यासमोर तो एक आकडा बदलून दाखवता येईल.